एक मिनिट वीस सेकंद पुढे

साहेबराव ओव्हाळांबद्दल चांगलं लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. आजही फारसं वाटत नाही. माणूस खडूस होता, हेकट होता, आणि समोरच्याला मूर्ख ठरवल्याशिवाय त्यांचा चहा गळ्याखाली उतरत नसे. पण त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची संस्था कासुर्डीजवळ, सोलापूर हायवेपासून थोडी आत. व्यापारी जहाजांवर अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना इथं शिकवतात. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब, पण आवारात जहाजाची खरी डोलकाठी उभी आहे आणि तिच्या पलीकडे कांद्याचं रान. हायवेवरून जाणारे लोक गाडी हळू करून बघतात आणि हसतात. मी नोकरीला आले त्या दिवशी मीही हसले होते.

साहेबरावांचा जन्म दौंडचा. वडील रेल्वेत गँगमन, घर बुद्धविहाराच्या मागच्या आळीत. अठराव्या वर्षी नौदलात गेले आणि तिथं नकाशे आणि घड्याळं सांभाळणाऱ्या खात्यात पडले. पुढची तीस-बत्तीस वर्षं रोज सकाळी क्रोनोमीटरला चावी देणं हे त्यांचं काम. क्रोनोमीटर म्हणजे जहाजावरचं घड्याळ. वाटीएवढ्या पितळी डब्यात बसवलेलं, डबा लाकडी पेटीत कड्यांमध्ये टांगलेला, म्हणजे जहाज कितीही डुललं तरी तबकडी आडवीच राहावी. निवृत्तीनंतर आमच्याकडे लागले. संस्थेत भंगारात निघालेल्या एका जहाजावरून आणलेलं जुनं क्रोनोमीटर होतं, ते त्यांच्या ताब्यात दिलं गेलं. ताब्यात म्हणजे अगदी ताब्यातच. चावी शर्टाच्या खिशात, वही टेबलाच्या खणात, आणि खोलीच्या दारावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: 'हात लावू नये.'

रोज आठ वाजता ते डबा हलकेच पालथा करायचे, चावी लावायचे आणि ओठ हलवत साडेसात वळसे मोजायचे. मग जीपीएसच्या वेळेशी घड्याळ ताडून वहीत एक ओळ. मग प्राचार्यांच्या दारात जाऊन टाचा जुळवून उभे: "क्रोनोमीटर वाउंड, सर."

चावी दिली अशी वर्दी द्यायची, ही नौदलातली रीत. आमचे प्राचार्य कॅप्टन होते, स्वतः जहाजावर तीस वर्षं काढलेले, पण या रोजच्या वर्दीचा त्यांना वीट आला होता. ते मान वर न करता हात हलवायचे. साहेबराव तरी जायचेच.

मी त्याआधी रांजणगावला एका कारखान्यात होते, कॅलिब्रेशन विभागात. तिथं सहा वर्षं मी एकच काम केलं. मोजमापाचं उपकरण तपासायचं. चूक दाखवत असेल तर बरोबर करायचं आणि हिरवं स्टिकर लावायचं. बरोबर होत नसेल तर लाल. लाल स्टिकरचं उपकरण लाइनवर गेलं तर ऑपरेटरसकट सगळ्यांची हजामत व्हायची. ती सवय माझ्या हाडात मुरलेली. इथं मला उपकरणांची इनचार्ज म्हणून घेतलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी सगळी खोलीन् खोली तपासली. साहेबरावांच्या खोलीत गेले तर घड्याळ त्रेपन्न सेकंद पुढे.

मी पेटीवर लाल स्टिकर लावलं.

दुसऱ्या दिवशी ते स्टिकर ब्लेडनं खरवडून, गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं. मागं साहेबराव उभे.

"ह्ये तुमचं हाय का?"

"घड्याळ चुकीचं आहे," मी म्हणाले.

"चुकीचं न्हाई. पुढं हाय. किती पुढं हाय ते वहीत लिवलंय."

"मग बरोबर का करत नाही?"

ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसं काही मी विहिरीत उडी मारायला सांगितलं. "रांजणगावला लोखंडं मोजत होता न्हवं तुम्ही? तितंच बरं होतं."

तिथून आमचं जुंपलं ते जुंपलंच. मी त्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्तीच्या यादीत शेवटी टाकला. त्यांनी पडद्यावर जहाज चालवायला शिकवणाऱ्या माझ्या सिम्युलेटरच्या खोलीला 'व्हिडिओ गेमचं दुकान' म्हणायला सुरुवात केली, तेही मुलांसमोर. चहाच्या टपरीवर मी आले की ते ग्लास अर्धा ठेवून उठायचे. मी घरी केंदूरला गेले की आईपुढे त्यांच्या कागाळ्या सांगायचे. आईनं एकदा त्यांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं तर ती काही बोलली नाही, झेंडूच्या माळा ओवत राहिली. ते तिचं न बोलणं मी ऐकलं, आणि परत येताना बरोबर घेऊन आले. तेव्हा मला कोणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. आज नाही भांडणार.

नोकरीचा भाग म्हणून मला त्यांचा एक तास बसून ऐकावा लागला. मी मागच्या बाकावर वही न उघडता बसले, चुका शोधायला.

"दौंड आन् कासुर्डी," ते फळ्यावर दोन टिंबं काढत म्हणाले, "दोन्ही एकाच आडव्या रेषेवर. म्हंजी अक्षांश जवळजवळ सारखा. दुपारचा सूर्य किती वर आला ते मोजलं की अक्षांश कळतो, ते सोपं हाय, लोकांना हजार वर्षांपासनं येत होतं. पण अंधारात गाडीतनं उतरलेल्या माणसाला निस्त्या अक्षांशावरनं दौंड आलं का कासुर्डी, ते कळंल का? न्हाई कळायचं. कारण फरक हाय तो पूर्व-पश्चिमेचा. रेखांशाचा."

पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते, म्हणजे तासाला पंधरा अंश, एका अंशाला चार मिनिटं. दौंड पूर्वेला, म्हणून तिथं सूर्य कासुर्डीच्या आधी डोक्यावर येतो. किती आधी? ऐंशी सेकंद. "बास," साहेबराव म्हणाले, "पस्तीस किलोमीटर म्हंजी ऐंशी सेकंद. आता तुम्ही समुद्रात हाय. सूर्यावरनं तुम्हाला तुमच्या जागची वेळ काढता येती. पण त्याच क्षणाला ग्रीनिचला किती वाजलेत, ते कोण सांगणार? दोन वेळांतला फरक म्हंजीच तुमचा रेखांश. एका जागची वेळ सूर्य देतो. दुसऱ्या जागची वेळ तुम्हाला संगट घेऊन जावी लागती. डब्यात."

डब्यात वेळ घेऊन जाणं कोणाला जमत नव्हतं. लंबकाचं घड्याळ जहाजाच्या डुलण्यानं वेडंपिसं व्हायचं, उष्णतेनं धातू फुगायचा, तेल घट्ट व्हायचं. रेखांश न कळल्यानं जहाजं खडकांवर जाऊन फुटायची. एकदा इंग्लंडच्या दारात एकाच रात्री चार फुटली. तिथल्या पार्लमेंटनं मोठं बक्षीस लावलं. विद्वान म्हणाले, उत्तर चंद्र-ताऱ्यांत सापडेल. उत्तर काढलं हॅरिसन नावाच्या एका सुतारानं. आयुष्य घालवून त्यानं हातात मावेल एवढं घड्याळ केलं. लंबकाच्या जागी जोरात मागंपुढं फिरणारं चाक, आणि उष्णता-थंडीचा फरक भरून काढायला दोन धातूंची जोडपट्टी.

"त्याचं घड्याळ जमैकाला गेलं," साहेबराव म्हणाले. "ऐंशी-एक्क्याऐंशी दिवस. चूक निघाली पाच सेकंदांची. पण ऐका, ते घड्याळ रोज पावणेतीन सेकंदांच्या आसपास मागं पडत होतं! रोज! ते मागं पडणं मोजलेलं होतं, ते धरून हिशोब केला तवा पाच सेकंद. घड्याळ बरोबर आसावं लागत न्हाई. त्यानं रोज सारखंच चुकावं लागतं. म्हणून त्याला कुणी हात लावायचा न्हाई. काटा हलवला, थांबवलं, की त्याची चाल मोडली. मग ते निस्तं शोभेचं."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मुलं मागं वळून हसली. माझे कान तापले आणि त्या रागात त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं.

फेब्रुवारीत तपासणी लागली. बाहेरून एक निरीक्षक येणार, दिवसभर बघणार आणि अहवाल लिहिणार. कॅप्टन साहेबांनी आम्हाला बोलावलं. "साहेबराव, या वेळी तुमच्या विषयाचा निकाल खराब आला तर मी वर्ग बाहेरच्या माणसाकडे देणार आणि ते घड्याळ शोकेसमध्ये जाणार. क्वार्ट्झचं नवं घेऊ. आणि तपासणीच्या दिवशी ते चुकीची वेळ दाखवता कामा नये. निरीक्षक आल्या आल्या भिंतीवरचं आणि पेटीतलं घड्याळ ताडून बघतात."

"ते पुढं आसणारच, सर. वही दाखवू आपण."

"वही कोण वाचतं?"

"ज्याला कळतं तो वाचतो," साहेबराव म्हणाले आणि बाहेर पडले. कॅप्टन साहेबांचा चेहरा लाल झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सारिका, तुम्ही बघून घ्या."

एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी हेही नाकारलं.

तपासणीच्या आदल्या दुपारी साहेबराव अर्धी रजा टाकून गेले, बायकोचे, ताईबाईंचे डोळे दाखवायला. मी दौंडहून हरिबा घड्याळवाल्यांना बोलावून घेतलं. स्टेशनच्या बाहेर त्यांची काचेची टपरी, वयानं सत्तरीचे. माझ्याकडे सगळ्या खोल्यांच्या जोडचाव्या होत्याच. त्यांनी काच उतरवली, यंत्र तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले.

"ताई, ह्ये बिघडलेलं न्हाई."

"एक मिनिट वीस सेकंद पुढे आहे, हरिबा."

"आसंल पुढं. पण बिघडलेलं न्हाई."

"तुम्हाला जमत नसेल तर सांगा."

त्या वयाच्या माणसाला असं बोलायला नको होतं. त्यांनी कागदाची बारीक पट्टी काढली, फिरत्या चाकाला अलगद टेकवली. टकटक थांबली. मी मोबाइलवर ऐंशी सेकंद मोजले. मी "हं" म्हटल्यावर त्यांनी पट्टी काढली आणि यंत्राला मनगटानं एक झटका दिला. हे घड्याळ एकदा थांबलं की आपण होऊन चालू होत नाही. टकटक परत सुरू झाली. सेकंदाचा काटा मोबाइलशी असा जुळला की मला आतून गार वाटलं. हिरवं स्टिकर मी पेटीच्या मागच्या बाजूला लावलं, भिंतीकडे, म्हणजे म्हाताऱ्याला लगेच दिसायला नको. उद्या सकाळी ताडून बघतील तेव्हा कळेलच, वहीत शून्य लिहितील, तणतणतील. तणतणू देत.

सकाळी निरीक्षक पावणेआठलाच हजर. सडपातळ, कमी बोलणारे. साहेबरावांनी त्यांच्यासमोर साडेसात वळसे दिले आणि जीपीएस लावायला हात पुढे केला, तर निरीक्षक म्हणाले, "राहू द्या. आज समजा सगळे सिग्नल बंद पडलेत. सगळ्यांचे फोन टेबलावर. कालच्या नोंदीवर चालवा, बघू मुलांना काय येतं."

साहेबरावांचा चेहरा खुलला. अकरा वर्षांत ही परीक्षा पहिल्यांदाच कोणी त्यांच्या मनासारखी घेत होतं.  कालच्या नोंदीवर चालवलं तर नेमकं काय होणार, ते मला मात्र लगेच उमगलं नाही.

आमच्याकडे क्षितिज नाही, समोर ऊस आणि कांदे. म्हणून परातीत काळं ऑइल ओततात आणि आकाशातला सूर्य आणि तेलातला सूर्य कोन मोजायच्या सेक्स्टंटच्या आरशात एकावर एक आणतात. जो कोन येतो त्याचा अर्धा म्हणजे सूर्याची उंची. सव्वानऊला तीन मुलं बसली, त्यात भाग्यश्री होती, साहेबरावांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. सूर्य जुळला की ती "टाइम!" ओरडायची आणि खिडकीशी बसलेला तिचा वर्गमित्र साई क्रोनोमीटरचा सेकंद टिपायचा. मग वहीतली चूक, एक मिनिट वीस सेकंद पुढे, वर रात्रीचा अर्धा सेकंद, वजा करून ग्रीनिचची वेळ. मग कोष्टकं, मग आकडेमोड.

उत्तरं आली. संस्थेचा खरा रेखांश पूर्व चौऱ्याहत्तर अंश पंधरा मिनिटं; इथं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. भाग्यश्रीचा चौऱ्याहत्तर अंश पस्तीस. दुसऱ्याचा चौतीस. तिसऱ्याचा पस्तीस आणि थोडं.

निरीक्षकांनी नकाशावर कंपास ठेवला. "तुमची संस्था दौंडात आहे."

कॅप्टन साहेब हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. भाग्यश्रीनं कागद परत तपासला, परत तपासला आणि तिचे डोळे भरून आले.

 साहेबराव तिन्ही कागद शेजारी ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "पोरं चुकली न्हाईत, सर. तिघं एकाच बाजूला, तेवढंच कसं चुकतील? वीस मिनिटं पूर्वेला. अंशाची वीस मिनिटं म्हंजी ऐंशी सेकंद."  त्यांचा आवाज खाली आला. "वहीत पण ऐंशीच सेकंद हायेत. म्हंजी घड्याळ आता पुढं न्हाईच. पुढं नसल्यालं घड्याळ आपण पुढं धरून वजाबाकी केली. फोन द्या कुणीतरी."

फोन आणला. क्रोनोमीटर आणि फोन, सेकंदाला सेकंद.

मला वाटलं, झालं, सुटलं. पण कॅप्टन साहेब काय म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही. "म्हणजे घड्याळ बरोबर आहे आणि तुमची वही खोटी आहे."

 निरीक्षकांनी वही हातात घेऊन पानं चाळली. अर्धा सेकंद, अर्धा, अर्धा, शून्य, एक, अर्धा. पानामागून पान. "फारच सारखं आहे हे," ते म्हणाले. "रोज प्रत्यक्ष ताडून लिहिता, की बसल्या बसल्या?"

"रोज ताडून, सर."

"मग एका रात्रीत ऐंशी सेकंद गेले कुठं?"

"कुणीतरी हात लावलाय."

"आता दुसऱ्यावर ढकलू नका," कॅप्टन साहेब म्हणाले. "अकरा वर्षं हा माणूस माझ्या दारात येऊन वर्दी देतोय, आणि वहीत हे!"

साहेबरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या घड्याळाकडे बघत होते. त्यांचे हात, वळसे मोजणारे, मुलांची कानउघाडणी करणारे, बाजूला नुसते लोंबत होते. नोकरी जाईल हे त्यांना माहीत असणारच. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते नोकरीचं नव्हतं. अकरा वर्षं रोज खरं लिहिलेल्या माणसाला खोटारडा म्हटलं गेलं होतं, विद्यार्थ्यांसमोर, आणि पुरावा म्हणून त्याचंच घड्याळ उभं होतं. निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

मी गप्प होते. किती वेळ ते मोजलं नाही. ऐंशी सेकंदांपेक्षा जास्तच असेल. मला त्या माणसाचा तिरस्कार होता आणि त्या घटकेलाही तो कमी झाला नव्हता, हे खरं सांगते. आता न बोलले तर तो कायमचा जाणार होता, खोली माझ्या सिम्युलेटरला मिळणार होती, नवीन कॉम्प्युटर बसणार होते. आणि त्याच वेळी मला आईच्या झेंडूच्या माळा आठवल्या, तिचं ते गप्प राहणं. माझीच मला किळस आली.

"घड्याळ मी बरोबर करून घेतलं," मी म्हणाले. "काल दुपारी. पेटी फिरवून बघा."

भाग्यश्रीनं पेटी हलकेच ओढली. हिरवं स्टिकर, माझी सही, तारीख, वेळ.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" निरीक्षकांनी विचारलं. मी कॅप्टन साहेबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी असं काही सांगितलेलं नाही."

निरीक्षकांनी ऐंशी सेकंद वजा न करता मुलांना गणित परत मांडायला लावलं. तिन्ही उत्तरं संस्थेच्या आसपास येऊन पडली, भाग्यश्रीचं तर डोलकाठीपासून दोन किलोमीटरवर. "वही खरी आहे," ते म्हणाले आणि तसं लिहिलं. माझ्याबद्दलही एक ओळ लिहिली. ती इथं सांगत नाही.

सगळे गेल्यावर मी माफी मागायला थांबले. साहेबरावांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"खरं बोललात म्हणून पाया पडू का तुमच्या?" ते वहीवर बोट आपटत म्हणाले. "तेल बदलल्यापासनं पाच म्हैनं म्या त्याची चाल धरून ठिवली होती. तुम्ही एका कागदाच्या चिटोऱ्यानं मोडली. आता आज ते बरोबर हाय. उद्या किती चुकंल, हाय कुणाला ठावं? तुमच्या त्या हिरव्या कागदाला ठावं हाय?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं, ह्यो येडा म्हातारा, ह्याला काटा फिरवता येत न्हाई." त्यांनी खणातून पेन काढून माझ्यापुढे आपटलं. "लिवा. तुमच्या अक्षरात."

मी वहीत लिहिलं: 'घड्याळ ऐंशी सेकंद थांबवले. चाल माहीत नाही. सारिका.' त्यांनी वाचलं आणि वही ओढून घेतली.

"उद्या आठला या. चाल नव्यानं काढायची हाय. जिनं मोडली तिनंच सेकंद वाचायचे."

मी गेले. दोन महिने रोज गेले. मी जीपीएसचे सेकंद म्हणायचे, ते घड्याळाचे ठोके ऐकायचे, आणि त्यापलीकडे, एक वेळ सोडता, आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. चहासुद्धा नाही. पहिला आठवडा घड्याळ वाट्टेल तसं चाललं: दोन सेकंद, शून्य, तीन. ते दात खायचे. मग हळूहळू बसत गेलं, रोज एक सेकंद पुढे. त्या दिवसांत मी स्वतःच शोधून वाचलं की ज्यांच्या जिवावर माझं सिम्युलेटर आणि माझा फोन चालतो, त्या उपग्रहांतही घड्याळंच आहेत. त्यांनाही कोणी सारखं बरोबर करत बसत नाही, प्रत्येकाची चूक जमिनीवरून मोजतात आणि तोच उपग्रह ती चूक आपल्याला कळवतो. मी हे साहेबरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? मला काय नवीन सांगता?"

मेअखेर त्यांचं कंत्राट संपलं. वही खरी ठरली होती, निकाल चांगला लागला होता, तरीही कॅप्टन साहेबांनी ते वाढवलं नाही. कारण विचारायला मी गेले तेव्हा 'वय' म्हणाले. दारात उभ्या राहणाऱ्या त्या माणसाकडे बघणं आता त्यांना जमत नव्हतं, एवढंच मला कळलं.

शेवटच्या दिवशी साहेबरावांनी खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली, माझ्या हातात नाही. "साडेसात. शेवटचा अर्धा हळू. जोर लावायचा न्हाई. चुकलात तर लिवायचं, खोडायचं न्हाई." आणि दौंडची बस धरायला निघून गेले. जय भीम नाही, येतो नाही.

तेव्हापासून चावी मी देते. मग प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहते, "क्रोनोमीटर वाउंड, सर." ते मान वर करत नाहीत. मी तरी जातेच.

आणि आठ वाजून दहा मिनिटांनी दौंडहून फोन येतो. हॅलो नाही, काही नाही.

"किती?"

"एक," मी म्हणते, आणि फोन कट.

काल मी म्हणाले, "दोन."

 मागं ताईबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"रोज एक, आन् आज दोन?" साहेबराव म्हणाले. "ते चुकलेलं न्हाई. तुम्ही चुकलाय. परत बघा."

मला संताप आला. पस्तीस किलोमीटरवर बसलेल्या गावठी गुरुजीसारखं, न बघता! मी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि परत ताडून बघितलं, मोठ्यानं सेकंद मोजत.

एकच होता.

वहीत 'दोन' लिहून झालं होतं. त्यावर 'दोन' वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारली, खोडलं नाही, शेजारी एक लिहिलं आणि सही केली. फोन उचलला तर तो अजून चालू होता. पहिल्यांदाच त्यांनी कट केला नव्हता.

"एक," मी म्हणाले.

मग त्यांनी कट केला.